बातमी लागल्यानंतर तिला हात कोण लावणार? वर्डप्रेसमधल्या एडिटर, ऑथर आणि कॉन्ट्रिब्युटर या भूमिका कशा वाटायच्या

छोट्या बातमी संकेतस्थळाची टीम वर्डप्रेसवर खाती उघडायला बसली की पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो: ‘पब्लिश’चं बटण कोणाकोणाला द्यायचं? अशा टीमना ही मांडणी करून देण्याचं काम मी करतो, आणि माझ्या अनुभवात हा प्रश्न अर्धाच आहे. बातमी लागल्यानंतर तिच्यात बदल कोण करू शकतो, हा उरलेला अर्धा. बहुतेक घोटाळे या दुसऱ्या अर्ध्यात होतात.

मी हे एकाच टीममध्ये दोनदा पाहिलं. मतमोजणीच्या रात्री एका बातमीदाराने निकालाची बातमी लिहिली. त्याचं खातं कॉन्ट्रिब्युटरचं होतं, म्हणून संपादकांनी ती वाचून लावली आणि ते झोपले. अर्ध्या तासाने बातमीदाराच्या लक्षात आलं की विजयी आणि पराभूत उमेदवारांच्या मतांचे आकडे उलटसुलट झालेत. त्याने डॅशबोर्ड उघडला. यादीत बातमी होती, पण तिच्याखाली `Edit` नव्हतं, फक्त `View` होतं. संपादकांचा फोन बंद. चुकीचे आकडे सकाळपर्यंत तसेच राहिले आणि लोक तीच बातमी एकमेकांना पाठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी रागाच्या भरात सगळ्या बातमीदारांना ऑथर करून टाकलं. दोनेक महिन्यांनी एका वाचकाने त्यांना एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यात त्यांच्याच बातमीतला एक परिच्छेद होता, जो आता संकेतस्थळावर दिसत नव्हता. बातमीत ज्यांच्यावर टीका होती त्यांनी थेट बातमीदाराला फोन केला होता आणि त्याने तो परिच्छेद काढून टाकला होता. कोणाला सांगितलं नाही, खाली खुलासा दिला नाही. वाईट हेतू असेलच असं नाही; तो घाबरला असेल. पण वर्डप्रेसने त्याला अडवलं नाही, कारण ऑथरला तो अधिकार असतोच.

दोन्ही वेळा वर्डप्रेस जसं चालायला हवं तसंच चाललं. टीमने भूमिका निवडताना फक्त बटणाचा विचार केला होता.

आत काय असतं ते बघू. भूमिका म्हणजे अधिकारांचा एक जुडगा. प्रत्येक अधिकाराला वर्डप्रेसमध्ये एक नाव असतं, आणि आपल्या कामासाठी त्यातले चार समजले तरी पुरेत. `edit_posts` म्हणजे स्वतःची बातमी लिहिता येणं आणि ती लागेपर्यंत तिच्यात बदल करता येणं. `publish_posts` म्हणजे ती लावता येणं, किंवा पुढची वेळ देऊन ठेवता येणं. `edit_published_posts` म्हणजे स्वतःची लागलेली बातमी बदलता येणं. आणि `edit_others_posts` म्हणजे दुसऱ्याच्या बातमीला हात लावता येणं.

कॉन्ट्रिब्युटरकडे या चारपैकी फक्त पहिला असतो. ऑथरकडे पहिले तीन. एडिटरकडे चारही, आणि त्याशिवाय पानं, वर्ग आणि वाचकांच्या प्रतिक्रिया सांभाळण्याचे अधिकार. प्लगिन, थीम, सेटिंग्ज आणि नवीन खाती या गोष्टी यातल्या कोणाच्याच हातात नसतात, त्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या. त्यामुळे मुख्य संपादकालाही रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं लागत नाही. ते वेगळं ठेवावं आणि अपडेट करण्यापुरतंच उघडावं.

आता मधल्या दोन अधिकारांकडे नीट बघा. लावण्याचा अधिकार आणि लागल्यावर बदलण्याचा अधिकार हे वर्डप्रेसच्या आत वेगवेगळे आहेत, पण तयार भूमिकांमध्ये ते जोडीनेच येतात. कॉन्ट्रिब्युटरला दोन्ही नाहीत, ऑथरला दोन्ही आहेत. एका पायरीवरून दुसरीवर गेलात की दोन्ही बदलतात. त्या संपादकांना बातमीदाराला फक्त चूक सुधारण्याची मुभा द्यायची होती. प्रत्यक्षात त्याला स्वतःच्या बातम्या न विचारता लावण्याची, बदलण्याची आणि काढून टाकण्याचीही मुभा मिळाली.

मुळात वर्डप्रेसमध्ये तपासणीची पायरी फक्त पहिल्यांदा बातमी लावताना असते. कॉन्ट्रिब्युटर `Submit for Review` दाबतो, बातमी `Pending` मध्ये जाते, एडिटर ती वाचून लावतो. पण एकदा लागलेल्या बातमीतला बदल ‘आधी संपादकांकडे, मग वाचकांकडे’ असा जातच नाही. ज्याला बदलता येतं त्याने सेव्ह केलं की बदल त्याच क्षणी वाचकांसमोर. मधली पायरी हवी असेल तर वेगळं प्लगिन बसवावं लागतं.

कॉन्ट्रिब्युटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उशिरा कळते. `Pending` मध्ये पडलेली बातमी तो अजूनही बदलू शकतो. म्हणजे उपसंपादक वाचून ‘ठीक आहे’ म्हणाले आणि चहाला गेले, तेवढ्यात तिच्यात नवीन वाक्य येऊ शकतं. वाचायचं आणि लावायचं एकाच बैठकीत, ही सवय त्यासाठी. उलट, एडिटरने बातमीला उद्या सकाळची वेळ देऊन ठेवली, तर ती लागायच्या आधीच कॉन्ट्रिब्युटरच्या हातातून सुटते. वेळ दिलेली बातमी वर्डप्रेस अधिकारांच्या हिशेबाने लागलेल्या बातमीसारखीच धरतं. ‘रात्रीतून आकडे बदलले तर मी टाकतो’ असं बातमीदाराने म्हटलं असेल, तर त्याला ते जमणार नाही.

आणि `Pending` मध्ये बातमी आली की कोणालाही मेल जात नाही. वर्डप्रेस स्वतःहून संपादकाला काही कळवत नाही. बातमी यादीत गप्प बसून राहते. दुपारी तीनला पाठवलेली बातमी संध्याकाळी सातला सापडली असं मी पाहिलं आहे. टीमच्या गटावर ‘कॉपी टाकली आहे’ असा एक ओळीचा निरोप टाकायचा नियम करा. तेवढ्यानेच हे सुटतं.

मग रात्रीच्या चुकीचं काय करायचं? बरेच जण सुचवतात की एडिटरने बातमी पुन्हा ड्राफ्ट करावी, म्हणजे बातमीदाराला ती उघडता येईल. उघडता येईल हे खरं. पण ड्राफ्ट केल्याबरोबर बातमी संकेतस्थळावरून उतरते आणि ज्यांच्याकडे तिची लिंक आहे त्यांना ४०४ चं पान दिसतं. फिरत असलेली बातमी अशी गायब झाली की लोक तिचा अर्थ ‘काढून घ्यायला लावली’ असाच लावतात. शिवाय त्यासाठी एडिटर जागा असावा लागतोच, आणि तो जागा असेल तर चूक तोच दुरुस्त करू शकतो.

माझ्या मते खरा उपाय म्हणजे दुसरा एडिटर. रात्रीच्या चुकीमुळे बातमीदारांना ऑथर करण्यापेक्षा एडिटरची खाती एकाऐवजी दोन ठेवा आणि रोज रात्री त्यातला कोणाचा फोन चालू राहणार ते ठरवा. वर्डप्रेसचा डॅशबोर्ड फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो, आकडा बदलायला लॅपटॉप लागत नाही. बातमीदार फोन करेल, एडिटर दुरुस्ती करेल आणि बातमीखाली ‘आधीच्या मजकुरात आकडे उलट झाले होते, ते दुरुस्त केले आहेत’ अशी ओळ टाकेल. चूक आणि दुरुस्ती, दोन्हींवर दुसऱ्या माणसाची नजर जाते, आणि छोट्या टीमला हीच नजर सगळ्यात जास्त लागते.

आता फोटोंकडे वळतो, कारण भूमिकांवरून सर्वात जास्त तक्रारी इथे येतात. कॉन्ट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाहीत, आणि मीडिया लायब्ररीतला आधीचा फोटोही उचलता येत नाही. बातमीत फोटो घालायला गेला की स्क्रीनवर परवानगी लागेल असा संदेश येतो. मग बातमीदार फोटो एडिटरला मेसेजवर पाठवतो, तो तिथे दाबला जाऊन बारीक होतो, ओळी कोणत्या फोटोखाली टाकायच्या ते विसरलं जातं, आणि चार दिवसांत वैतागून कोणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, याला ऑथरच करा.’ फोटोसाठी म्हणून बातमी लावण्याचा आणि बदलण्याचा अधिकार देऊन टाकला जातो. माझ्या पाहण्यातल्या अनावश्यक ऑथर खात्यांमागे बहुधा हेच कारण असतं.

फोटो चढवणं हा एक स्वतंत्र अधिकार आहे, `upload_files`. तो एकटाही देता येतो. कॉन्ट्रिब्युटरच्या भूमिकेतच तो घालण्यापेक्षा तिची नक्कल करून नवीन भूमिका बनवावी असं मी सुचवतो, म्हणजे मूळ भूमिका जशीच्या तशी राहते. सर्व्हरवर वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन, म्हणजे डब्ल्यूपी-सीएलआय, असेल तर इतकंच करायचं:

```
wp role create reporter "Reporter" --clone=contributor
wp cap add reporter upload_files
wp cap list reporter
```

पहिल्या ओळीने भूमिका तयार होते, दुसरीने तिला फोटोचा अधिकार मिळतो. तिसरी ओळ त्या भूमिकेकडे आता काय काय आहे त्याची यादी दाखवते. तिच्यात `upload_files` दिसलं आणि `publish_posts` दिसलं नाही, तर काम बरोबर झालं. हे बदल डेटाबेसमध्ये लिहिले जातात, म्हणून एकदाच चालवायचे, आणि नको झाले तर मुद्दाम काढावे लागतात. कमांड-लाइन नसेल तर भूमिका बदलणाऱ्या एखाद्या प्लगिनमधूनही हेच करता येतं. पण ते प्लगिन काढून टाकलं तरी दिलेले अधिकार डेटाबेसमध्ये राहू शकतात, हे लक्षात असू द्या.

एक सावधगिरी इथेच सांगतो. फोटो चढवता आला की पूर्ण मीडिया लायब्ररी दिसते, दुसऱ्यांचे फोटोसुद्धा. दुसऱ्याचा फोटो पुसता येत नाही, पण स्वतःचा येतो. बातमी पुसली तर ती आधी ट्रॅशमध्ये जाते आणि मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस तिथे राहते. फोटो मात्र मूळ सेटिंगमध्ये सरळ कायमचा जातो. जागा मोकळी करायच्या भरात कोणी जुने फोटो साफ केले, तर लागलेल्या बातम्यांमध्ये मोकळ्या चौकटी उरतात. साफसफाई एकाच माणसाने करायची, हे आधीच ठरवून ठेवा.

एक प्रत्यक्ष वाटणी करून बघू. समजा टीम सहा जणांची आहे: संपादक, उपसंपादक, दोन पूर्णवेळ बातमीदार, आणि बाहेरून अधूनमधून मजकूर पाठवणारे दोन वार्ताहर.

संपादक आणि उपसंपादक दोघेही एडिटर. उपसंपादकाला ऑथर ठेवून चालत नाही, कारण दुसऱ्याची कॉपी उघडणं हेच त्याचं काम आणि ते ऑथरला जमत नाही. ऑथरला दुसऱ्यांच्या बातम्या यादीत दिसतात, पण शीर्षकातली वेलांटीसुद्धा दुरुस्त करता येत नाही. दोन्ही वार्ताहरांना वर बनवलेली रिपोर्टर भूमिका द्या. त्यांचा मजकूर वाचून लागेल, फोटो ते स्वतः चढवतील.

उरले दोन पूर्णवेळ बातमीदार. इथे सरसकट उत्तर नको. त्या प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारा: याची कॉपी कोणीही न वाचता मध्यरात्री लागली, तर आपण तिची जबाबदारी घेऊ का? पहिला बातमीदार सकाळच्या पाळीत एकटा असतो, पाणीकपात किंवा वाहतूक बंद असल्याच्या बातम्या सहा वाजता लावतो, आणि त्या वेळी कोणी एडिटर जागा नसतो. त्याला ऑथर करा. त्याच्या कामाला ते लागतं. दुसरी बातमीदार न्यायालय आणि आर्थिक गैरव्यवहाराच्या बातम्या करते. ती अनुभवाने कदाचित पहिल्यापेक्षा मोठी असेल, पण तिच्या बातम्यांमध्ये एक शब्द चुकला तरी नोटीस येऊ शकते. तिला रिपोर्टर ठेवा आणि कारण तिला मोकळेपणाने सांगा. भूमिका बातमीच्या जोखमीवरून ठरते, माणसाच्या मानपानावरून नाही. हे आधीच बोलून घेतलं नाही तर नंतर कटुता येते.

या वाटणीत ऑथर एकच उरतो, आणि त्याच्यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली म्हणजे रिव्हिजन. बातमीत बदल करून सेव्ह केलं की वर्डप्रेस त्याची एक नोंद ठेवतं: कोणी, कधी, कोणता शब्द काढला, कोणता घातला. बातमी उघडून उजव्या पट्टीत `Revisions` वर गेलात की जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी दिसतो. त्या गायब परिच्छेदाचा माग असाच लागला. पण सगळंच त्यात येत नाही. शीर्षक, मजकूर आणि सारांश येतात. मुख्य फोटो किंवा वर्ग बदलला तर त्याची नोंद मूळ वर्डप्रेसमध्ये होत नाही. शिवाय डेटाबेस लहान राहावा म्हणून काही जण `wp-config.php` मध्ये अशी ओळ टाकतात:

```php
define( 'WP_POST_REVISIONS', 3 );
```

याने फक्त शेवटच्या तीन नोंदी उरतात. कोणी परिच्छेद काढला आणि मग आणखी तीन-चार वेळा सेव्ह केलं, तर तो परिच्छेद असलेली नोंद पुसली जाते. बातमीच्या संकेतस्थळावर ही ओळ नसावी असं माझं ठाम मत आहे. आकडा दिला नाही तर वर्डप्रेस सगळ्या नोंदी ठेवतं.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते आणि तिने भलताच गोंधळ होतो. एडिटरला बातमीत कच्चा एचटीएमएल टाकता येतो, म्हणजे नकाशाचा किंवा तक्त्याचा `iframe`, एखादी स्क्रिप्ट. ऑथर आणि कॉन्ट्रिब्युटर यांना ती मुभा नसते. सुरक्षेसाठी वर्डप्रेस त्यांच्या मजकुरातून असे टॅग सेव्ह करताना गाळतं. गाळणी मजकूर कोणी लिहिला ते बघत नाही, सेव्ह कोण करतोय ते बघते. समजा सकाळच्या बातमीदाराची रस्ताबंदीची बातमी आहे. उपसंपादकाने नंतर तिच्यात नकाशाचा `iframe` घातला, नकाशा छान दिसतोय. दुपारी बातमीदाराने तीच बातमी उघडून ‘पाच’चं ‘सहा’ केलं आणि सेव्ह केलं. नकाशा गेला. त्याने नकाशाला हातही लावलेला नाही, त्याला कळतही नाही, आणि उपसंपादक प्लगिनला दोष देत बसतात.

ओळखायचं कसं? `Revisions` मध्ये बघा: आकडा बदलणाऱ्या नोंदीतच `iframe` ची ओळ लाल होऊन गेलेली दिसेल आणि नाव ऑथरचं असेल. उपाय साधा आहे. अशी जोडणी असलेल्या बातमीत पुढचे सगळे बदल एडिटरनेच करायचे. व्हिडिओची नुसती लिंक चिकटवून वर्डप्रेसने स्वतः तयार केलेली चौकट मात्र या गाळणीतून सुरक्षित राहते, त्यामुळे जिथे लिंकवर भागतं तिथे `iframe` वापरू नका. एकाच वर्डप्रेसवर अनेक संकेतस्थळं चालत असतील, तर ही मुभा एडिटरलाही नसते, फक्त सुपर अ‍ॅडमिनला असते.

बायलाइनबद्दलही एक गोष्ट. वर्डप्रेसच्या लेखी बातमी कोणाची हे फक्त तिच्या `Author` रकान्यावरून ठरतं, आणि तिथे एकच नाव बसतं. उपसंपादकाने स्वतः टाइप केलेली बातमी त्या रकान्यात सकाळच्या बातमीदाराच्या नावावर केली, तर त्या क्षणापासून ती बदलण्याचा आणि काढण्याचा अधिकारही त्याला मिळतो. दोघांनी मिळून केलेल्या बातमीत दुसऱ्याचं नाव मजकुरात द्यावं लागतं, आणि ऑथर असला तरी त्याला ती बातमी उघडता येत नाही.

सगळं ठरवून झालं की प्रत्येक भूमिकेचं एक चाचणी खातं उघडा आणि ब्राउझरच्या खासगी खिडकीतून त्यात शिरा. बातमी लिहा, फोटो घाला, पाठवा. मग एडिटरच्या खात्यातून ती लावा आणि चाचणी खात्यातून पुन्हा उघडून बघा. रिपोर्टरला `Edit` दिसायला नको, ऑथरला दिसायला हवं. पंधरा मिनिटांचं काम आहे. झाल्यावर ती खाती काढून टाका.

टीममधलं कोणी सोडून गेलं, तर मात्र खातं काढायची घाई नको. खातं डिलीट करताना वर्डप्रेस विचारतं की या माणसाच्या मजकुराचं काय करायचं: सगळा पुसायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा. पुसायचा पर्याय निवडला तर त्याच्या सगळ्या बातम्या एका फटक्यात संकेतस्थळावरून उतरतात. दुसऱ्याच्या नावावर केल्या तर बायलाइन खोटी ठरते. त्यापेक्षा त्याची भूमिका `Subscriber` करा, पासवर्ड बदला आणि त्याच्या प्रोफाइलमध्ये `Log Out Everywhere` दाबा. त्याने केलेल्या बातम्या त्याच्याच नावाने राहतात आणि त्यांना हात लावण्याचा अधिकार संपतो.